काकांच्या निरोपाचा अभंग

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी बँकांच्या शाखांतून निरोपसमारंभांची गर्दी असते, आणि त्याचं कारण शाळेत सापडतं. एका पिढीतल्या पुष्कळ मुलांची जन्मतारीख घरात कुणी लिहून ठेवलेली नसायची. नाव घालताना गुरुजी सरळ 1 जून टाकत. सरकारी बँकेत कर्मचारी साठी पूर्ण होते त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, पण जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. म्हणून गुरुजींच्या एका फटकाऱ्याने कितीतरी कारकून 31 मे रोजी एकदम सुटतात.

त्या दिवशी कॅश बंद झाली, हिशेब जुळला, की टेबलं एकत्र सरकवतात. शाल, श्रीफळ, सामोसे, वेफर्स. मॅनेजर बोलतात, युनियनचा माणूस जरा जास्तच बोलतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘‘आता आपल्या शाखेचे कवी दोन ओळी वाचतील.’’ या दोन ओळी कशा असाव्यात, हा आजचा विषय.

कविता ऐकण्यासाठी आहे, वाचण्यासाठी नाही, एवढं पहिल्यांदा पक्कं करावं. श्रोत्याच्या एका हातात कागदी डिश असते. निसटलेला शब्द परत ऐकता येत नाही. अशा वेळी मुक्तछंद विरून जातो. सुप्रसिद्ध कवितेचं विडंबन करण्याचा मोह होतो; आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’पासून ती वाट आपल्याकडे रुळलेली आहे. पण विडंबनाला मूळ कविता समोरच्याच्या कानात असावी लागते. शाखेतले अधिकारी देशभरातून बदलून आलेले असतात, तरुण मंडळींची पाठ्यपुस्तकं वेगळी. निम्मी सभा हसते, निम्मी बघत राहते.

माझी पसंती मोठ्या अभंगाला. सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. कडवं चार श्वासांत संपतं. आणि शेवटचा चरण आखूड असल्यामुळे विनोदाची जागा आयतीच तयार मिळते: तीन चरण तयारी करायची, चौथ्यात टाकायचं.

आता काका. (कारकुनाला शाखेत साहेब कुणी म्हणत नाही, वय वाढलं की तो काका होतो.) सुरुवात अर्थातच तारखेपासून. ‘एक जून घाली, शाळेत जन्माला, एकतीस मेला’ हे चरण सहज सुचतात. अक्षरं बरोबर, यमक चोख. आता ते मोठ्याने म्हणून पाहा. कागदावर ती तारीख आहे. सभेत, काकांच्या पत्नी आणि मुलं पहिल्या रांगेत बसलेली असताना, त्या ‘मेला’चा भलताच अर्थ निघेल आणि हशाही भलताच येईल. म्हणून प्रत्येक कडवं आदल्या दिवशी कुणाला तरी ऐकवावं, दाखवू नये. दुरुस्ती अशी:

शाळेच्या नोंदीत
एक जून आला
मेच्या अखेरीला
सुटी झाली

पुढचं कडवं काकांच्या कामाचं. निरोपाच्या कविता इथेच फसतात, कारण ‘प्रामाणिक’, ‘मनमिळाऊ’ असली विशेषणं कुठल्याही खात्यातल्या कुणालाही चिकटतात. त्यापेक्षा शेजारच्या काउंटरवरच्यांना विचारावं, की काका नेमकं काय करायचे? आमच्या काकांबद्दल उत्तर मिळालं ते लेजरच्या दिवसांतलं. तेव्हा संगणक नव्हता. व्हाउचरवरून आकडे हाताने चढवायचे आणि संध्याकाळी ताळा घ्यायचा. जमा-नावे जुळलं नाही तर कुणी घरी जायचं नाही, फरक काही रुपयांचा असला तरी. एकदा 27 रुपयांचा फरक राहिला. काकांनी आधी 27 रुपयांचं व्हाउचर शोधलं, मिळालं नाही. रक्कम चुकीच्या बाजूला चढली तर फरक तिच्या दुप्पट येतो. म्हणून साडेतेराची नोंदही पाहिली, तीही नव्हती. मग त्यांनी 27 ला 9 ने भागलं. भाग पूर्ण गेला की शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेल्याचा संशय घ्यायचा. भागाकार 3 आला, म्हणजे त्या दोन अंकांत तिनाचं अंतर असणार. थोड्या वेळाने सापडलं: 385 रुपये 358 म्हणून चढले होते. भाग गेला म्हणजे हीच चूक, असं नाही. 50 चे 500 झाले तरी फरक 450 येतो आणि त्यालाही 9 ने भाग जातो. पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

एवढी गोष्ट कवितेत घालायची नसते. सभेतल्या जुन्या माणसांना ती माहीत असते, त्यांना फक्त चाहूल द्यायची:

सत्ताविसाचा तो
फरक उरला
नवाने भागला
सापडला

‘सापडला’च्या आधी वाचणाऱ्याने थांबायचं. किती? जुने लोक स्वतःच तो शब्द म्हणतील इतकं.

नवीन मुलांना मात्र लेजर माहीत नाही. त्यांच्यासाठी पुढचं कडवं काउंटरवरच्या अशा वस्तूचं, जी मराठी न येणाऱ्या मॅनेजरलाही समोर दिसते:

पेनाला बांधली
काकांनीच दोरी
तरी झाली चोरी
टोपणाची

चेष्टा कशाची, तर दोरीची आणि टोपणाची. कान उघडे ठेवून जमवलेल्या मालात काही वेगळ्याच गोष्टीही येतात: हुकलेली बढती, तापट स्वभाव, दुपारची डुलकी, डोक्यावरचे केस. डुलकी एखाद्या वेळी चालेल, तीही काका स्वतःच तिच्यावर हसत असतील तर. बढतीला हात लावू नये. ज्याने ती नाकारून बदली टाळली त्याच्या घरात त्यावर काय बोलणं झालं असेल, ते शाखेला ठाऊक नसतं.

एकूण सात-आठ कडवी पुरेत. दहाव्या कडव्याला सामोसे थंड होतात आणि त्याचा दोष कवीवर येतो.

शेवट हा अवघड भाग. इथे वाचणाऱ्याचा गळा दाटतो, ‘आठवण येईल’, ‘पोकळी जाणवेल’ वगैरे सुरू होतं आणि आतापर्यंत हसणारी माणसं खाली बघू लागतात. रडवण्याचं काम काकांच्या स्वतःच्या भाषणावर सोडावं. ते नंतर आहेच. कवीने काकांना फक्त काउंटरच्या पलीकडे नेऊन उभं करावं:

उद्या रांगेमध्ये
उभे राहा तुम्ही
पासबुक आम्ही
छापू नीट

यात माया आहे आणि एक कबुलीही, की पासबुक नेहमी नीट छापलं जात नाही. ओळीवर ओळ उमटवणारं छपाईयंत्र सगळ्यांच्या ओळखीचं असल्याने हशा हमखास. वाचून झालं की कागद घडी करून काकांच्या हातात द्यावा आणि बसावं.

एक सूचना राहिली. काका उठतात, गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवतात आणि पहिलं वाक्य दुरुस्तीचं बोलतात: ‘‘फरक सत्तावीसचा नव्हता, छत्तीसचा होता.’’ त्यावर वाद घालू नये. छत्तीसलाही नवाने भाग जातो. फक्त ‘छत्तिसाचा तो’ म्हटलं की चरणात एक अक्षर कमी पडतं, हे त्यांना सांगावं. कमी पडणारा आकडा कुठे गेला ते शोधत ते निदान चहा येईपर्यंत बसतील.