पॅरा बाहेर, मेटा आत

पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत बेसाल्ट फुटला की त्याच्या पोकळ्यांत स्टिलबाइट, ह्यूलँडाइट असे पांढरे-गुलाबी स्फटिक सापडतात. ही झिओलाइट कुळातली खनिजे. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या जाळीतून त्यांत अतिसूक्ष्म बोगदे तयार झालेले असतात. पेट्रोरसायन उद्योगाचे काम मात्र खाणीतल्या झिओलाइटवर भागत नाही. त्याला बोगद्याचे माप हवे तसे लागते, म्हणून तो झिओलाइट कारखान्यात घडवतो. त्यांतला सर्वांत गाजलेला झेडएसएम-५. मोबिल कंपनीच्या संशोधकांना त्याचे पेटंट 1972 मध्ये मिळाले. त्याच्या बोगद्याचे तोंड साधारण 0.55 नॅनोमीटर, म्हणजे जवळजवळ बेन्झिनच्या रेणूएवढे.

हे माप किती मोलाचे आहे ते झायलीनच्या बाबतीत स्पष्ट दिसते. बेन्झिनच्या षट्कोनी कड्याला दोन मिथाइल गट जोडले की झायलीन होते. गट शेजारी-शेजारी असले तर ऑर्थो, मध्ये एक जागा सोडून असले तर मेटा, समोरासमोर असले तर पॅरा. बाजारात सर्वाधिक मागणी पॅराला, कारण त्यापासून टेरेफ्थॅलिक आम्ल आणि पुढे पॉलिएस्टरचे कापड व पाण्याच्या बाटल्या होतात. निसर्गनियमाने मात्र या तिघांचे मिश्रण समतोलाला आले की त्यात पॅरा जेमतेम चोवीस टक्के आणि निम्म्याहून अधिक मेटा. बरे, त्यांना वेगळे करावे तर पॅरा उकळते 138 अंशांना आणि मेटा 139 ला. ऊर्ध्वपातन इथे हात टेकते.

मग वेगळे करण्याची वेळच कमी आणली तर? टोल्यूइनच्या कड्याला एकच मिथाइल गट असतो. 400 अंशांच्या वर, हायड्रोजनच्या सोबतीने टोल्यूइन झेडएसएम-५ वरून नेले की बोगद्यातल्या आम्लधर्मी जागांवर एका रेणूचा मिथाइल गट दुसऱ्याकडे जातो. एकाचे बेन्झिन होते, दुसऱ्याचे झायलीन. आत तिन्ही प्रकार बनतात. पण पॅराचा सडपातळ रेणू ऑर्थो-मेटाच्या तुलनेत सुमारे हजारपट वेगाने सरकतो आणि बाहेर पडतो.

इथे झिओलाइटला नुसती चाळणी म्हणणे अपुरे पडते. चाळणीत अडकलेला खडा खडाच राहतो. बोगद्यात रखडलेला मेटाचा रेणू मात्र पुन्हा आम्लाच्या जागेला भिडतो, त्याचा मिथाइल गट कड्यावर शेजारच्या जागी सरकतो, आणि कधीतरी त्याचाच पॅरा होतो. पॅरा निघून जात राहिल्याने आतला समतोल सतत मोडतो आणि तो भरून काढायला नवे पॅरा बनत राहते.

एवढे सगळे जुळूनही साध्या झेडएसएम-५ मधून बाहेर येणाऱ्या झायलीनमध्ये पॅराचे प्रमाण फार वाढत नाही. दोष स्फटिकाच्या बाहेरच्या अंगाचा. तिथेही आम्लाच्या जागा असतात आणि तिथे अडवायला भिंती नसतात. बोगद्यातून सुटलेले पॅरा या जागांना भिडले की पुन्हा मेटा आणि ऑर्थो होते. कमावलेले दारातच गमावले जाते. म्हणून बाहेरचा पृष्ठभाग निकामी करतात. एक मार्ग सिलिकाचा पातळ थर चढवण्याचा. दुसरा जरा उफराटा: सुरुवातीला मुद्दाम कडक परिस्थितीत उत्प्रेरकावर कोक, म्हणजे कार्बनी काजळी, बसू द्यायची. एरवी जिच्यामुळे उत्प्रेरक मरतो म्हणून अभियंते हैराण असतात, तीच काजळी इथे कामाला लावली जाते. मोबिलने ही पद्धत 1980 च्या दशकाच्या अखेरीस इटलीतील सिसिलीच्या जेला येथे व्यापारी पातळीवर चालवली. झायलीनमध्ये पॅराचा वाटा त्यामुळे ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेला.

स्फटिकाचा आकारही महत्त्वाचा. वाट दुप्पट लांब झाली की रेणूला पार पडायला लागणारा वेळ चौपट होतो. त्यामुळे मोठ्या स्फटिकांत मेटा-ऑर्थो अधिक काळ रखडतात आणि पॅरा वाढते. पण टोल्यूइनलाही आत शिरायला तोच उशीर लागतो. शुद्धता हवी तर वेग सोडावा लागतो. एका फेरीत टोल्यूइनचा साधारण तीस टक्के भागच बदलतो, उरलेला वेगळा काढून पुन्हा आत पाठवतात. काजळी वाढत जाऊन वेग घटला की चालक तापमान थोडे-थोडे वाढवत नेतात. काजळी जाळून उत्प्रेरक ताजा केला की बाहेरचा पृष्ठभागही उघडा पडतो. झायलीनमधले पॅरा घसरलेले दिसले तर पहिला संशय याच पृष्ठभागावर जातो. कोकचा थर पुन्हा बसवावा लागतो. सिलिकाचा थर मात्र ज्वलनानंतरही टिकतो.

भारतात या कुळातल्या झिओलाइटवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काम केले. तिथल्या पॉल रत्नसामी यांच्या गटाने विकसित केलेल्या एन्सिलाइट या उत्प्रेरकाचा वापर 1980 च्या दशकात बडोद्याच्या आयपीसीएल कारखान्यात झायलीनचे मिश्रण पुन्हा समतोलाकडे नेण्यासाठी सुरू झाला. तिथे पॅरा काढून घेतल्यावर उरलेल्या मेटा-ऑर्थोपासून नवे पॅरा मिळवायचे होते. जेलाच्या पद्धतीत समतोल मोडायचा होता, बडोद्यात तो गाठायचा होता.