कांद्याची पेशी मोजायची कशी?

सूक्ष्मदर्शकाच्या ४ पट वस्तुभिंगाखाली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी ठेवा आणि प्रकाशाच्या गोलात किती मिलिमीटर मावतात ते पाहा. समजा, साडेचार मावले. भिंग १० पटीचं केलं की गोल लहान होतो: ४.५ × ४ ÷ १० = १.८ मिमी, म्हणजे १८०० मायक्रोमीटर. इथे भागायच्या जागी गुणणारे बरेच असतात. उत्तर साडेचारपेक्षा मोठं आलं, तर गफलत तिथेच आहे.

आता पट्टी काढून कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी ठेवा. पेशी विटांसारख्या लांबट दिसतात. लांबीच्या दिशेने गोलाच्या बरोबर मधून सहा पेशी मावल्या, तर एकीची लांबी १८०० ÷ ६, म्हणजे सुमारे ३०० मायक्रोमीटर. रुंदीसाठी काचपट्टी फिरवायची गरज नाही, आडव्या दिशेने मोजा. मात्र मोजणी मधूनच हवी; कडेने मोजल्यास पेशी कमी भरतात आणि प्रत्येक पेशी उगाच मोठी ठरते. काठावर कापलेल्या पेशी अर्ध्या धरा.

४० पट भिंगाखाली गोल जेमतेम ०.४५ मिमीचा उरतो. तिथे पट्टीच्या दोन रेघा एकदम दिसतच नाहीत, त्यामुळे हिशेबच करावा लागतो.