शतपावलीला किती मिनिटं लागतात?

(वाचन पाठ : पातळी ५)

जेवण झाल्यावर आजी किंवा आजोबा म्हणतात, "चला, शतपावली घालू या." शत म्हणजे शंभर. शतपावली म्हणजे शंभर पावलं. पण ही शंभर पावलं चालायला वेळ किती लागतो, हे तुम्ही कधी घड्याळ लावून पाहिलंय का?

मोठं माणूस सपाट रस्त्यावर जरा झपझप चालत असेल, तर एका मिनिटात साधारण शंभर पावलं टाकतं. म्हणजे शतपावली झाली एका मिनिटात! एका मिनिटात किती पावलं पडतात, या आकड्याला इंग्रजीत कॅडन्स म्हणतात. आपणही या पाठात तोच शब्द वापरू.

आता तुमच्या घड्याळातला तो प्रसिद्ध आकडा घ्या, १०,०००. दहा हजार पावलं म्हणजे शंभर शतपावल्या. कॅडन्स १०० असेल तर शंभर मिनिटं, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. शाळा, होमवर्क आणि ऑफिस सांभाळून रोज एवढा वेळ कोण काढणार? घाबरू नका, या हिशोबात एक चूक आहे. ती चूक मी स्वतः केली होती, म्हणून ती गोष्ट आधी सांगते.

आईची पावलं कुठे गेली?

माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. सांगलीत ती रोज मंडईत जायची, देवळात जायची, कोपऱ्यावरून दूध आणायची. "व्यायाम" असा ती काहीच करत नव्हती, तरी तिची पावलं भरपूर व्हायची. इथे आल्यावर मंडई नाही, कोपऱ्यावरचं दुकान नाही. दूध आणायचं तरी गाडी काढायची. आई म्हणायला लागली, "इथे आल्यापासून पाय जड झालेत गं."

मी तिच्या हातात माझं जुनं घड्याळ बांधलं. तिच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही रोजच्या ६,००० पावलांचं ध्येय ठरवलं. आणि मी लगेच भागाकार केला :

६,००० ÷ १०० = ६० मिनिटं

"आई, रोज एक तास चालायचं," मी सांगून टाकलं. मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून असते, त्यामुळे सल्ला द्यायला मला काहीच जड गेलं नाही. आई बिचारी दोन दिवस तासभर चालली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा गुडघा धरला. मी घड्याळ पाहिलं तर त्यात ६,००० नाही, जवळजवळ ७,८०० पावलं होती!

पहिली चूक : घरातली पावलं विसरले

आई फिरायला गेली नाही तरी ती दिवसभर एका जागी बसलेली नसते. स्वयंपाकघरात, जिन्यावर, कपडे वाळत घालताना तिची पावलं पडतच असतात. ही पावलं आधी वजा करायला हवीत.

ती किती, हे कसं शोधायचं? ज्या आठवड्यात मुद्दाम फिरायला गेलेलो नाही, असा एक आठवडा घ्यायचा. पूर्ण सात दिवस घ्यायचे, कारण शनिवार-रविवार वेगळे असतात. आईचे सोमवार ते शुक्रवार रोज साधारण २,१०० पावलं व्हायची. शनिवारी-रविवारी आम्ही कुठेतरी जायचो, तेव्हा ३,१५० व्हायची.

५ × २,१०० = १०,५००
२ × ३,१५० = ६,३००
एकूण १६,८००, भागिले ७ = २,४००

म्हणजे काहीही न करता आईची २,४०० पावलं होतच होती. चालायची राहिली ६,००० − २,४०० = ३,६००. खरं सूत्र असं आहे :

मिनिटं = (ध्येय − रोजची पावलं) ÷ कॅडन्स

३,६०० ÷ १०० = ३६ मिनिटं. कुठे साठ आणि कुठे छत्तीस! आईचा गुडघा मी उगाच दुखवला होता.

दुसरी चूक : दुसऱ्याचा आकडा वापरला

गुडघा बरा झाल्यावर आई ३६ मिनिटं चालू लागली. आता उलटंच झालं. संध्याकाळी घड्याळ ६,००० पर्यंत पोचेना. रोज साडेतीनशे-चारशे पावलं कमी पडायची.

कारण १०० हा आकडा आईचा नव्हता. तो अमेरिकेतल्या संशोधकांनी दिलेला सर्वसाधारण आकडा आहे. कॅट्रिन ट्यूडर-लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना चालायला लावून त्यांची पावलं आणि श्रम मोजले. मोठ्या माणसांमध्ये मिनिटाला साधारण १०० पावलांपासून मध्यम व्यायाम सुरू होतो, असं त्यांना दिसलं. पण प्रत्येक माणूस रोज त्याच गतीने चालतो, असं काही त्यांनी म्हटलेलं नाही. तो आकडा मी आईवर न विचारता लावला.

मग मी आईचा कॅडन्स मोजायचं ठरवलं. फक्त उजवं पाऊल मोजायचं आणि दुप्पट करायची. मोजायचं पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, तर मोजण्यातली लहानशी चूकही चौपट होते.

पहिल्यांदा उजवं पाऊल ४९ वेळा पडलं, म्हणजे ९८. वा! पण आई माझ्याकडे बघत हसत होती. कोणी मोजतंय म्हटल्यावर माणूस नकळत भरभर चालतो. म्हणून दुसऱ्या दिवशी ती फोनवर मावशीशी बोलत चालली असताना मी गुपचूप मागून मोजलं. उजवं पाऊल ४५ वेळा, म्हणजे ९०. हा खरा आकडा.

३,६०० ÷ ९० = ४० मिनिटं

आणि आधीचा हिशोब का चुकला तेही कळलं. ३६ मिनिटं × ९० = ३,२४०. म्हणजे बरोबर ३६० पावलं कमी!

मग भरभर का नाही चालायचं?

हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. आईने वेग वाढवून कॅडन्स ९० वरून १०० केला, तर चाळीसऐवजी ३६ मिनिटं लागतील. वाचली किती? फक्त चार मिनिटं! आणि दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला मिनिटाला दहा पावलं वाढवणं सोपं नसतं.

उलट, दिवसभरात ४५० पावलं इकडेतिकडे वाढली, तर ३,६०० ची ३,१५० होतात आणि ३५ मिनिटं पुरतात. पाच मिनिटं वाचली, तीही धाप न लागता. आईने काय केलं? पत्रपेटीपर्यंत टपाल आणायला ती स्वतः जाऊ लागली आणि रात्री जेवणानंतर घरातच शतपावली घालू लागली. पाच फेऱ्या झाल्या की पाच शतपावल्या.

लक्षात ठेवा, हा फक्त पावलांचा हिशोब आहे. हृदयाला व्यायाम हवा असेल तर वेगालाही महत्त्व आहे. त्याची सोपी खूण अशी : चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तेव्हा वेग मध्यम असतो. आई मावशीशी बोलता बोलता मध्येच भजन गुणगुणायची, म्हणजे तिचा वेग मध्यमपेक्षा कमीच होता. तिच्या गुडघ्याला तेवढाच मानवत होता.

हिशोब बरोबर, तरी पावलं कमी?

असं झालं तर दोन गोष्टी तपासा. पहिली, थांबलेली मिनिटं. सिग्नलपाशी उभं राहिलो, ओळखीचं कोणी भेटलं, बाकावर टेकलो, ती मिनिटं चालण्याची नाहीत. बाहेर ४० मिनिटं काढली आणि त्यात पाच मिनिटं थांबलो, तर पावलं ३५ मिनिटांचीच होतात.

दुसरी गोष्ट, घड्याळ. मनगटावरचं घड्याळ हाताच्या हालचालीवरून पावलं ओळखतं. दुकानात ट्रॉली किंवा बागेत बाळाची गाडी ढकलताना हात स्थिर राहतो, मग घड्याळाकडून बरीच पावलं सुटतात. तपासायचं कसं? आधी घड्याळातला आकडा बघा, मोजून शंभर पावलं चाला, थोडं थांबून पुन्हा बघा. शंभरच्या आसपास वाढ दिसली तर ठीक. ट्रॉली ढकलत तेच करा आणि फरक बघा. म्हणजे शतपावलीनेच घड्याळाची परीक्षा!

दहा हजार आले कुठून?

१९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं. त्यानंतर १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव होतं "मानपो-केई". मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पावलं, केई म्हणजे मोजणारं यंत्र. म्हणजे हा आकडा डॉक्टरांच्या तपासणीतून आलेला नाही, तो एका वस्तूच्या नावातून आला.

२०१९ मध्ये आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे १६,७०० वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं. ७,५०० च्या आसपास पोचल्यावर मात्र आणखी पावलांनी फारसा फरक दिसला नाही. चालल्यामुळेच हे झालं, असं अशा अभ्यासातून पूर्ण सिद्ध होत नाही. तरी आईचं ६,००० चं ध्येय तिच्या वयाला लहान नव्हतं, एवढं मला त्यातून कळलं.

आई सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस मिनिटं चालायची. संध्याकाळी माझी मुलगी तिच्याबरोबर जायची. दोघी एकाच वेळी निघायच्या, एकाच वेळी परत यायच्या, पण मुलीची पावलं नेहमी जास्त व्हायची. आजी म्हणायची, "तुझं घड्याळ खोटं बोलतं." घड्याळ खरंच खोटं बोलत होतं का? खाली प्रश्न ४ मध्ये उत्तर तुम्हीच द्या.

शब्दार्थ

शतपावली – जेवणानंतर घातलेली छोटी फेरी
ध्येय – जिथे पोचायचं ठरवलं आहे ते
वजा करणे – एका संख्येतून दुसरी काढणे
नकळत – आपल्यालाही न समजता
मानवणे – सोसणे, तब्येतीला बरं वाटणे
धाप लागणे – जोरजोरात श्वास चालणे

प्रश्न

१. लेखिकेने आईला आधी ६० मिनिटं चालायला सांगितलं. त्यात काय चुकलं?
२. बाबांचं ध्येय ८,००० पावलं आहे. त्यांची रोजची पावलं ४,४०० आणि कॅडन्स १२० आहे. त्यांनी किती मिनिटं चालावं?
३. आजोबांचं ध्येय ५,००० आहे. त्यांची रोजची पावलं २,६०० आणि कॅडन्स ८० आहे. त्यांना किती मिनिटं लागतील? बाबांच्या उत्तराशी तुलना करा. काय दिसलं?
४. आजी आणि नात एकत्र चालल्या, तरी नातीची पावलं जास्त का झाली? (सूचना : दोघींच्या पायांची लांबी आठवा.)
५. घरातल्या एका मोठ्या माणसाचा कॅडन्स त्यांना न सांगता मोजा, मग सांगून मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा.