दिवाळीच्या महिन्यात कामाचे तास किती?

वेळापत्रक आखताना पहिला हिशेब होतो तो माणसे गुणिले दिवसांचा. उदाहरणादाखल पुण्यातली चार जणांची सॉफ्टवेअर टीम घेतली आणि 6 ते 31 ऑक्टोबर 2025 हा काळ धरला, तर शनिवार-रविवार वगळून 20 दिवस मिळतात. चार गुणिले वीस म्हणजे 80 मनुष्यदिवस, रोजचे आठ तास धरून 640 तास. आकडा भरभक्कम दिसतो. मधल्या दिवाळीचा मात्र त्यात पत्ता नसतो.

पहिली वजाबाकी सार्वजनिक सुट्ट्यांची. त्या वर्षी लक्ष्मीपूजन मंगळवारी, 21 ऑक्टोबरला होते आणि बलिप्रतिपदा 22 ला. कंपनीने भाऊबीजेचा गुरुवारही दिला असे धरले तर 17 दिवस उरतात. सुट्ट्यांची यादी मात्र ज्या-त्या गावाची वेगळी ठेवावी लागते. 2025 मध्येच ईद-ए-मिलादची 5 सप्टेंबरची सुट्टी मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती 8 सप्टेंबरला हलवण्यात आली. बाकी राज्यात ती 5 लाच राहिली. मुंबई-पुण्यात विभागलेल्या टीमला एकच यादी लावली असती, तर एका ठिकाणचा हिशेब चुकलाच असता.

दुसरी वजाबाकी रजांची, आणि ती माणसागणिक करायची. दिवाळीच्या त्या आठवड्यात सोमवार 20 आणि शुक्रवार 24 हे दोनच दिवस कामाचे उरले होते. असे सुटे पडलेले दिवस लोक सुट्टीला जोडून घेतात आणि अर्ज मात्र आयत्या वेळी टाकतात. त्यामुळे मंजूर रजांवर विसंबून न राहता महिनाभर आधी प्रत्येकाला विचारलेले बरे. ‘गावी कधी निघणार?’ हा साधा प्रश्न रजेच्या नोंदवहीपेक्षा जास्त सांगून जातो. या टीममधला एक डेव्हलपर 20 आणि 24 ला नाही, म्हणजे त्याचे 15 दिवस. दुसरा 24, 27 आणि 28 ला नाही, त्याचे 14.

खरी गफलत होते ती अर्धवेळ माणसांच्या बाबतीत. टीममधली डिझायनर फक्त सोमवार ते बुधवार काम करते. नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिच्या नावापुढे 60 टक्के लिहिले की ते तिला पाचही दिवस थोडे-थोडे काम वाटते, आणि गुरुवारी ती नसतेच. तिच्यासाठी स्वतंत्र कॅलेंडर करून गुरुवार-शुक्रवार बंद दाखवणे हाच बरोबर मार्ग. सहा दिवसांचे काम 13 ऑक्टोबरला सुरू केले, तर सलग हजर असलेला पूर्णवेळ माणूस ते 20 ला संपवेल. तिचे दिवस मात्र 13, 14, 15, 20, 27, 28 असे पडतात, कारण मधला मंगळवार-बुधवार दिवाळीत गेला. स्प्रेडशीटमध्ये ही तारीख एका सूत्रात निघते:

```
=WORKDAY.INTL(DATE(2025,10,10),6,"0001111",H2:H4)
```

सात अंक सोमवारपासून रविवारपर्यंतचे आहेत; 1 म्हणजे तो दिवस बंद. H2:H4 मध्ये तीन सुट्ट्या लिहायच्या. मोजणी दिलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून होते, म्हणून आधीचा शुक्रवार घातला आहे. उत्तर 28 ऑक्टोबर येते. एक गोष्ट सूत्रात येत नाही: गुरुवारी सकाळी तिच्यासाठी निघालेली शंका सोमवारपर्यंत तशीच पडून राहते. तिच्या कामावर ज्यांचे काम अडते, त्यांच्या तारखाही त्याच बेताने ठेवाव्या लागतात.

टेस्टर रोज सकाळी चार तास येते आणि 24 ला नाही, म्हणजे 16 अर्धे दिवस. त्याचे आठ पूर्ण दिवस करून मोकळे होण्याचा मोह होतो, पण बैठकीचा एक तास तिलाही तेवढाच द्यावा लागतो. पूर्णवेळ माणसाच्या दिवसातला तो आठवा भाग, तिच्या दिवसातला चौथा. बैठक, मेल, किरकोळ मदत यांत पूर्ण दिवसातले दोन तास आणि अर्ध्या दिवसातला दीड तास जातो असे धरले, तर डेव्हलपरांचे 90 आणि 84, डिझायनरचे दहा दिवसांचे 60 आणि टेस्टरचे 40 तास उरतात. बेरीज 274. सुरुवातीच्या 640 च्या निम्म्यालाही ती पोचत नाही.

आजारपण आणि अचानकच्या रजा यात अजून आलेल्या नाहीत. त्यांची तारीख आधी कळत नाही, म्हणून कुणाच्या कॅलेंडरमध्ये त्या अंदाजाने टाकू नयेत. शेवटच्या मुदतीआधी काही दिवस मोकळे राखावेत. किती राखायचे हे टीमच्या मागच्या वर्षाच्या हजेरीवरून काढता येते. काम सुरू झाल्यावर दर आठवड्याला ठरलेले आणि प्रत्यक्ष मिळालेले तास शेजारी मांडावेत. फरक दर वेळी एकाच माणसापाशी दिसला तर त्याचे कॅलेंडर चुकीचे आहे. सगळ्यांपाशी सारखाच दिसला तर बैठकांचा अंदाज कमी धरला गेला आहे.