राखून ठेवलेलं आसन

विमान उडालं की रिकाम्या आसनाची किंमत शून्य. मग स्वस्त तिकिटं थांबवायची कुठे? १९७२ साली बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी त्याचा नियम मांडला. समजा, लवकरचं तिकीट ३,००० रुपयांना आणि ऐनवेळचं ९,००० रुपयांना आहे. उशिरा येणारे किमान ४० जण असण्याची शक्यता निम्मी असेल, तर चाळिसावं राखीव आसन सरासरी ४,५०० रुपये देतं, ते राखावं. साठावं भरण्याची शक्यता पाचात एक, म्हणजे १,८००च. ते आधीच विकावं. शक्यता एक तृतीयांशावर येते, तिथे सीमा. मात्र घाईचे प्रवासीही स्वस्त तिकीट घेऊ लागले, की नोंदींत महागड्या तिकिटांची मागणी कमी दिसते आणि राखीव आसनं घटत जातात. म्हणूनच स्वस्त तिकिटाला परताव्याच्या कडक अटी असतात.