वाढदिवस शेरूचा, बोलणार शेरूच

कुत्र्याच्या वाढदिवसाच्या फोटोखाली जो मजकूर लिहितात, तो हल्ली बऱ्याचदा कुत्र्याच्याच तोंडी घातलेला असतो. कुत्र्याला बोलतं करण्याची ही युक्ती जुनी आहे. स्पॅनिश लेखक सेर्व्हान्तेसच्या 1613 सालच्या एका कथेत दोन कुत्रे रात्री गप्पा मारत बसतात, आणि रुडयार्ड किपलिंगचं 1930 साली आलेलं एक पुस्तक तर कुत्र्यानेच सांगितलेलं आहे. फोटोखाली मात्र एवढी ऐसपैस जागा नसते. इन्स्टाग्राम 2,200 अक्षरचिन्हांपर्यंत लिहू देतं, पण त्यातल्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात. बाकीचा मजकूर बोट टेकवल्याशिवाय उघडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर तर बघणाऱ्याचा अंगठा पुढे सरकायला टपलेलाच असतो. म्हणून जी काही गंमत करायची, ती पहिल्या वाक्यातच करावी लागते.

ही गंमत येते ती एका साध्या गोष्टीतून: कुत्र्याला वाढदिवस म्हणजे काय ते माहीत नसतं. घरात गर्दी का आहे, डोक्यावर टोपी का चढवली, सगळे एका सुरात का ओरडताहेत, यातलं काहीच त्याला उमगत नाही. तो आपल्या परीने अर्थ लावतो, आणि तो अर्थ चुकतो. वाचणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं, म्हणून हसू येतं. कुत्र्याला सगळं कळतंय असं लिहिलं की हे हसू तिथेच संपतं.

एक उदाहरण घेऊ. शेरू हा तीन वर्षांचा तांबूस रंगाचा गावठी कुत्रा. फोटोत तो दिवाणखान्यात बसलाय, डोक्यावर इलॅस्टिकची लाल टोपी आहे, समोर पाटावर केक आणि मागे आजी निरांजनाचं ताट घेऊन उभ्या. घरच्यांनी पहिल्यांदा लिहिलेला मजकूर साधारण असा असतो: ‘आज माझा तिसरा वाढदिवस! मला खूप आनंद झाला आहे. आईबाबांनी माझ्यासाठी सुंदर केक आणला. सर्वांचे आभार!’ यात चूक काही नाही, पण हे शेरूचं बोलणंही नाही. दुसरीतल्या मुलाच्या फोटोखालीसुद्धा हे चार शब्द जसेच्या तसे खपले असते.

आता तोच प्रसंग शेरूच्या जागेवरून पाहावा. त्याचं नाक जमिनीपासून दीडदोन फुटांवर आहे. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साठ लाखांच्या आसपास मानल्या जातात, कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींच्या वर असतात. म्हणजे केक दारातून आत आला तेव्हाच त्याचा शोध लागलेला आहे. औक्षण म्हणजे त्याच्या दृष्टीने तोंडासमोर फिरवलेलं एक ताट, ज्यातलं काहीही त्याला मिळालं नाही. यावरून मजकूर असा होऊ शकतो: ‘आजीने ताट तोंडाजवळ आणलं. तीनदा फिरवलं. आणि परत नेलं. माझं काय चुकलं?’ इथे ‘वाढदिवस’ हा शब्दसुद्धा नाही. तो फोटो सांगतोच आहे. फोटोत जे दिसतं ते मजकुरात पुन्हा लिहिण्याने निम्मी जागा फुकट जाते.

कुत्र्याच्या डोळ्यांबद्दलही थोडं माहीत असलेलं बरं. कुत्र्याला निळा आणि पिवळा हे रंग वेगवेगळे दिसतात. लाल आणि हिरव्यात त्याला फारसा फरक करता येत नाही. ‘लाल टोपीत मी किती देखणा दिसतो’ हे वाक्य म्हणून शेरूचं वाटत नाही, ते टोपी आणणाऱ्याचं वाटतं. ‘टोपीला दुकानातल्या उंदराचा वास येतोय’ हे मात्र तो म्हणू शकेल.

सगळ्यात जास्त फसगत होते ती चेहरा वाचताना. टोपी घातलेल्या कुत्र्यांच्या पुष्कळ फोटोंत कान मागे पडलेले असतात, जीभ नाकावरून फिरत असते, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसत असतं आणि मान कॅमेऱ्यापासून वळलेली असते. ही अवघडल्याची लक्षणं आहेत. त्याखाली ‘मी आज खूप खूश!’ असं लिहिलं की कुत्री पाळणाऱ्यांना ते लगेच खटकतं. अपराधी चेहऱ्याचंही तेच. अ‍ॅलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी 2009 मध्ये दाखवलं, की तो चेहरा कुत्र्याच्या गुन्ह्यावर अवलंबून नसतो, मालकाच्या रागावण्यावर असतो. काहीही न केलेला कुत्राही तसाच बघतो. केक अर्धा खाल्लेल्या फोटोखाली ‘चुकलो, माफ करा’ लिहिणं म्हणूनच सपक होतं. ‘केक कोणी खाल्ला माहीत नाही, पण आवाज चढलाय म्हणून मी कान पाडून बसलोय’ हे जास्त खरं आहे, आणि जास्त मजेदारही.

मराठीत एक सोय आहे आणि तिचीच एक अडचणही. ‘आलो’, ‘गेलो’ म्हणतानाच बोलणारा नर की मादी हे कळतं. घरातली चिंगी ‘मी झोपलो होतो’ म्हणाली की ओळखीचे लोक आधी ती चूक दाखवतात, हसणं राहून जातं. घरच्यांना काय म्हणायचं, तेही एकदा ठरवून घ्यावं. काही घरांत कुत्र्याचे आईबाबा असतात, काही घरांत दादा आणि ताई. पण लाडात येऊन ‘मला तेक हवाय’ असं बोबडं बोलणं तिसऱ्या शब्दाला कंटाळवाणं होतं. गंभीरपणे, तक्रार नोंदवल्यासारखं बोलणारा कुत्रा जास्त हसवतो.

याच गंभीरपणामुळे चौकातल्या फ्लेक्सची भाषा या कामी छान येते. मात्र ‘भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ हे भाऊंबद्दल इतरांनी बोललेलं असतं, त्यामुळे ते कुत्र्याच्या तोंडी बसत नाही. त्यासाठी वाढदिवसानंतर लागणारा आभाराचा फलक घ्यावा, कारण त्यात उत्सवमूर्ती स्वतः बोलते: ‘आपण प्रत्यक्ष भेटून, वास घेऊन व शेपूट हलवून दिलेल्या शुभेच्छांबद्दल मी आपला ऋणी आहे. आपला शेरू, गल्ली क्र. 3. (मांजरांनी नोंद घ्यावी.)’

वयाची कोटी करायची तर ‘एक वर्ष म्हणजे माणसाची सात’ हा हिशेब सोडून द्यावा. मध्यम आकाराच्या कुत्र्याचं पहिलं वर्ष माणसाच्या साधारण पंधरा वर्षांइतकं, दुसरं आणखी नऊ आणि पुढचं प्रत्येक सुमारे पाच, असा ठोकताळा पशुवैद्य देतात. त्या मापाने शेरू एकोणतिशीला आलाय. ‘स्थळं बघायला हरकत नाही, पत्रिका नसली तरी चालेल’ असं तो बिनधास्त म्हणू शकतो.

एक पथ्य मात्र फोटो काढण्याआधीच पाळायचं आहे. चॉकलेट, बेदाणे आणि झायलिटॉल हे गोडवा आणणारं द्रव्य कुत्र्यांना विषारी असतं. चॉकलेटच्या केकसमोर बसलेल्या शेरूखाली कितीही चुरचुरीत लिहिलं तरी उत्तरात काळजीच येणार. केक साधा आणावा, फोटो झाला की आधी टोपीचं इलॅस्टिक सोडवावं आणि मग निवांत लिहायला बसावं.