बसच्या पलीकडची लेन

‘सायरन चालू होता. सिग्नल लाल होता. दुचाकीस्वार अचानक समोर आला. पेशंट सीरियस होता.’

पेशंट नेताना रुग्णवाहिकेची धडक झाली की संध्याकाळी कार्यालयात बसून चालक बहुधा अशीच चार वाक्यं लिहितो. चारही खरी असतात. पण पोलीस, विमा कंपनी किंवा पेशंटचे नातेवाईक पुढे जे विचारणार असतात, त्यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांत नसतं.

समजायला सोपं जावं म्हणून एक प्रकरण जुळवून घेऊ. रस्ता मात्र खरा आहे: सासवडहून झेंडेवाडी, दिवे घाट, वडकी, फुरसुंगी, भेकराईनगर आणि मग हडपसर. गाडीत छातीत दुखणारे अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ आहेत. ईसीजीवरून हृदयविकाराचा झटका आल्याचं सासवडच्या डॉक्टरांनी सांगितलंय. मागे त्यांच्याजवळ रुग्णवाहिकेतले डॉक्टर आहेत, पुढे चालकाशेजारी मुलगा. गाडी ६ वाजून १० मिनिटांनी निघाली आणि ६ वाजून ४१ मिनिटांनी फुरसुंगीच्या अलीकडच्या एका सिग्नलवर धडक झाली.

‘सायरन चालू होता’ हे वाक्य आधी घेऊ, कारण चालकाला तेच सगळ्यात भक्कम वाटतं. मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ प्रमाणे रुग्णवाहिकेला लाल सिग्नल ओलांडता येतो, वेगमर्यादा मोडता येते. पण ही मोकळीक सायरन आणि लुकलुकणारे दिवे दोन्ही चालू असतानाच मिळते, आणि तीही पुरेशी काळजी घेऊन, स्वतःच्या जबाबदारीवर. म्हणून अहवालात दिव्यांचाही उल्लेख हवा आणि सायरन कुठून कुठपर्यंत वाजत होता तेही हवं. आपल्या चालकाने घाटात सायरन बंद ठेवला होता. वळणावर पुढच्या ट्रकला बाजूला घ्यायला जागाच नसते, आणि मागून सततचा आवाज आला तर तो घाबरून नको तिथे गाडी दाबतो. शिवाय त्या आवाजाने पेशंट अधिक अस्वस्थ होतो. वडकीला उतरल्यावर, गर्दी लागली तेव्हा, सायरन पुन्हा चालू झाला. हे सगळं लिहिलं तर वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस विचार करून सायरन वापरत होता.

सायरन वाजणं आणि तो समोरच्याला ऐकू जाणं यांत बरंच अंतर असतं. भोंगा पुढच्या दिशेला तोंड करून बसवलेला असतो. आडव्या रस्त्याने येणाऱ्याच्या आणि त्याच्या मध्ये दुकानं, इमारती, थांबलेल्या बस येतात. काचा वर, गाणी चालू किंवा डोक्यावर हेल्मेट असेल तर आवाज येतो तेव्हा चौक जवळ आलेला असतो. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. आवाज कुठून येतोय हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद गेले, तरी ३३ मीटर संपले आणि गाडी अजून थांबायलाही लागलेली नाही. अमेरिकेतल्या २०१६ सालच्या फेऱ्यांच्या एका अभ्यासात, पेशंट घेऊन जाताना दिवे-सायरन लावलेल्या फेऱ्यांत लाखामागे १७.१ अपघात आढळले, न लावलेल्या फेऱ्यांत ७. घाईच्या फेऱ्या मुळातच अवघड असतात, त्यामुळे सगळा दोष सायरनवर टाकता येणार नाही. पण सायरनने वाट सुरक्षित होते, हा समज त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

आता ‘अचानक’. हा शब्द मला अहवालात सगळ्यात जास्त खटकतो. अचानक म्हणजे तोवर दिसला नव्हता. मग का दिसला नव्हता, हे लिहायला हवं. आपला चालक लाल दिव्यापाशी थांबला. उजवीकडून येणारी बस जवळच्या लेनमध्ये थांबली आणि बसचालकाने हाताने ‘जा’ अशी खूण केली. गाडी बसच्या पुढून निघाली. बसच्या पलीकडच्या लेनमधून, तिला ओलांडत, हिरवा दिवा पाहून दुचाकी आली आणि रुग्णवाहिकेच्या उजव्या पुढच्या बाजूवर आदळली. दोघांच्या मधे बस भिंतीसारखी उभी होती. चौकातल्या अशा अपघातांचा हा जुना साचा आहे: एक लेन थांबते आणि चालकाला अख्खा रस्ता थांबल्यासारखा वाटतो. खरी पद्धत लेनगणिक थांबायची आहे. बसचं नाक ओलांडण्याआधी पुन्हा ब्रेक, मान पुढे काढून नजर, मगच पुढची लेन. याला चार-पाच सेकंद लागतात.

म्हणून अहवालात शब्दांइतकंच हाताने काढलेलं चित्र मोलाचं: बस कुठे, दुचाकी कुठून, आपलं चाक कुठे, दिवा कुणाला हिरवा. वेग ‘अंदाजे २०’ असं लिहिताना हेही लक्षात ठेवावं की गाडीत जीपीएस असेल तर त्याची नोंद निघते आणि कंट्रोलला केलेल्या फोनची वेळही.

शेवटचं वाक्य ‘पेशंट सीरियस होता’. निदान करणं चालकाचं काम नाही. रक्तदाब, नाडी, ऑक्सिजनचे आकडे डॉक्टरांच्या कागदावर येतात, आणि धडकेआधीचे व नंतरचे असे दोन्ही, वेळेसकट, यावेत असा आग्रह त्याने धरावा. स्वतः मात्र त्याने पाहिलेलं लिहावं. निघताना पेशंट बोलत होते, मास्क लावलेला होता. धडकेनंतर स्ट्रेचरचं लॉक सुटलं नाही, पट्टे बांधलेले होते, ऑक्सिजनची नळी निघाली ती डॉक्टरांनी लगेच जोडली. डॉक्टर बसलेले होते की उभे, हेही. ‘प्रकृती स्थिर’ असं मोघम लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी पेशंटचं काही बरंवाईट झाल्यास धडकेने झालं की आजाराने, हे सांगायला कुणाकडे काहीच राहत नाही.

धडकेनंतर काय केलं, याला वेगळा परिच्छेद हवा. दुचाकीस्वार शुद्धीवर होता, पाय मोडल्यासारखा दिसत होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं चालकावर बंधनकारक आहे. मागे पेशंट आहे म्हणून ते टळत नाही. आपल्या चालकाने ६ वाजून ४२ मिनिटांनी कंट्रोलला फोन करून दोन गाड्या मागितल्या, एक पेशंटसाठी, एक जखमीसाठी. उजवं चाक घासत होतं म्हणून तीच गाडी पुढे नेली नाही. दुसरी गाडी ६ वाजून ५९ मिनिटांनी पोचली. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळत नसताना सतरा मिनिटं रस्त्यावर गेली, चौकात न दिलेल्या पाच सेकंदांपायी.

त्याचा दुसरा मसुदा दोन पानी झाला. बसचा नंबर आला, वेळा आल्या, चित्र आलं. ‘लाल दिव्यापाशी पूर्ण थांबलो’ हे त्याने आधी लिहिलं होतंच. त्याखाली, जरा वेळाने, वेगळ्या दाबाच्या अक्षरात एक ओळ आली: ‘बसच्या पुढे आल्यावर पुन्हा थांबलो नाही.’